तक्रार केल्यावर नोकरी असह्य केली, तर राजीनामा ‘काढून टाकणं’ कधी ठरतो?

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी मूळची नाशिकची. लेस्टरजवळच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर स्टाफ नर्स आहे, सतरा महिने झाले. ६ मार्चला मी मॅनेजरना ईमेल केला की रात्री ४२ रहिवाशांना एकच नर्स असते आणि ट्रेनिंग न झालेले केअरर औषधं देतात. २० मार्चपासून माझ्या सगळ्या ड्युट्या नाइट झाल्या आणि आठवड्याचे ३६ तास २२ वर आले. टीममध्ये कोणी धड बोलत नाही. १ एप्रिलला ग्रीव्हन्स, म्हणजे रीतसर लेखी तक्रार, दिली, अजून उत्तर नाही. परवा मॅनेजर म्हणाल्या, “तुझी स्पॉन्सरशिप आमच्या हातात आहे, विसरू नकोस.” ऐकलंय की अशा वेळी आपण राजीनामा दिला तरी कायदा काढून टाकल्यासारखंच धरतो. मग उद्याच देऊन टाकू का?

उत्तर: ताई, उद्या नको. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं न कळता दिलेले राजीनामे घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा बराच वेळ सांडलेलं निस्तरण्यातच जातो. तुमच्या बाबतीत तर राजीनाम्याच्या तारखेपेक्षा १९ जून ही तारीख जास्त महत्त्वाची आहे. ती कुठून आली ते पुढे सांगते.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. इंग्लंडच्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्ट १९९६ मधलं कलम ९५ सांगतं की मालकाच्या वागण्यामुळे कामगाराला नोटीस न देतासुद्धा नोकरी सोडायचा हक्क मिळत असेल आणि त्याने ती सोडली, तर त्याला डिसमिस केलं असं धरायचं. त्याने प्रत्यक्षात नोटीस दिली की नाही याने फरक पडत नाही. हेच कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल. मात्र ‘असह्य’ हा शब्द त्या कलमात कुठेही नाही. असा हक्क कधी मिळतो हे ठरवणारा निकाल वेस्टर्न एक्सकॅव्हेटिंग विरुद्ध शार्प या खटल्यातला. शार्प नावाच्या कामगाराला पत्त्यांचा सामना खेळायला दुपारची सुट्टी हवी होती. फोरमनने नाही म्हटलं तरी तो गेला. शेवटी त्याला पाच दिवस बिनपगारी सस्पेंड केलं. हातात पैसे नाहीत म्हणून त्याने साठलेल्या रजेचे पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. मग ४० पौंड उसने मागितले, तेही नाहीत. शेवटी राजीनामा दिला की रजेचे पैसे मिळतील, म्हणून त्याने राजीनामा दिला. ट्रायब्युनलला, म्हणजे नोकरीचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाला, त्याची दया आली आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग यांनी तो फिरवला. मालक कठोर वागला की नाही हा प्रश्नच नाही, मालकाने कराराच्या मुळावर घाव घातला का हा प्रश्न आहे, असं तत्त्व तिथे पक्कं झालं. शार्पच्या मालकाने करार मोडलाच नव्हता.

म्हणजे तुम्ही किती रडलात, झोप किती उडाली, यावर डिसमिसल ठरत नाही. मालकाने काय मोडलं यावर ठरतं.

मोडण्यासारख्या गोष्टी दोन तऱ्हेच्या असतात. एक, करारात स्पष्ट लिहिलेली. तुमच्या करारात ‘आठवड्याला ३६ तास’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्हाला २२ तासांचाच पगार मिळत असेल, तर तो सरळ करारभंग आहे. पगार हा कराराचा कणाच असल्यामुळे यावर फार वाद घालता येत नाही. आज घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे करार काढून तासांचं कलम वाचा. ‘सरासरी’, ‘गरजेनुसार’, ‘किमान’ यातला कोणता शब्द तिथे आहे त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

दुसरी न लिहिलेली, पण प्रत्येक करारात असल्याचं धरलेली अट. योग्य आणि पुरेसं कारण नसताना मालकाने दोघांमधला विश्वास उद्ध्वस्त होईल असं वागायचं नाही. १९९७ मध्ये बीसीसीआय बँकेच्या दोन माजी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ही अट ठामपणे मान्य केली. नाइट ड्युटीचा मुद्दा इथे येतो. बहुतेक नर्सिंग होमच्या करारात ‘कामाच्या गरजेप्रमाणे कोणतीही शिफ्ट द्यायचा अधिकार’ असं कलम असतंच, त्यामुळे नुसत्या नाइट दिल्या म्हणजे करार मोडला असं होत नाही. पण असा अधिकार कोणाला धडा शिकवायला वापरला, तर तो या न लिहिलेल्या अटीचा भंग ठरू शकतो. स्पॉन्सरशिपची धमकी याच रांगेत बसते आणि माझ्या मते ती तासांइतकीच वजनदार आहे.

ग्रीव्हन्सला उत्तर न देणं हाही स्वतंत्र भंग होऊ शकतो. डब्ल्यू. ए. गूल्ड विरुद्ध मॅककॉनेल या १९९५ च्या खटल्यात दागिन्यांच्या व्यवसायातल्या दोन सेल्समनना, कमाई घटल्याची तक्रार कोणाकडे करायची हेच कोणी सांगेना. तक्रारीची दाद वेळेत मागायची संधी देणं हा कराराचाच भाग आहे, असं अपील ट्रायब्युनलने म्हटलं. पुढे २०१३ मध्ये आल्डीच्या एका लॉरी ड्रायव्हरच्या खटल्यात, ग्रीव्हन्सचं अपील पहिला निर्णय देणाऱ्या साहेबानेच ऐकणं हेसुद्धा भंग ठरू शकतं, इथपर्यंत गोष्ट गेली. तुमच्याकडे १ एप्रिलपासून साधी मीटिंगसुद्धा नाही.

इतकं वाचून तुम्हाला वाटेल की मग झालं की! इथेच सतरा महिने आडवे येतात.

कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल सिद्ध झालं की ‘तुम्हाला काढलं’ एवढंच सिद्ध होतं. ते काढणं अन्यायाचं होतं असा साधा दावा करायला आजच्या घडीला दोन वर्षांची नोकरी लागते. डिसेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या कायद्याने ही अट १ जानेवारी २०२७ पासून सहा महिन्यांवर येणार आहे. ‘तोवर दात-ओठ खाऊन थांबते’ असा विचार मनात आला असेल तर तो सोडा. इतके महिने सगळं सोसून काम करत राहिलात, तर तुम्ही नवी परिस्थिती मान्य केली असंच समोरचा वकील म्हणेल, आणि ते त्याला पटवताही येईल.

पण काही कारणांनी काढणं हे आपोआप अन्यायाचं ठरतं आणि तिथे दोन वर्षांची अट नाही. जनहिताची माहिती उघड केली म्हणून काढणं, ज्याला सगळे व्हिसलब्लोइंग म्हणतात, हे त्यातलं एक. वंशभेदाची किंवा लिंगभेदाची तक्रार केली म्हणून छळलं, तर इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० खालचा व्हिक्टिमायझेशनचा दावा वेगळा, त्यालाही नोकरीच्या मुदतीची अट नाही. म्हणून तुमच्या केसचा पाया राजीनामा नाही. ६ मार्चच्या ईमेलमध्ये नेमके कोणते शब्द आहेत, तोच पाया आहे.

तो ईमेल मला पाठवा, आणि तुम्हीही तो अनोळखी माणसासारखा वाचून बघा. ‘इथे माझ्यावर कामाचा खूप ताण आहे, मला सपोर्ट मिळत नाही’ असं लिहिलं असेल, तर ती तुमची वैयक्तिक तक्रार झाली आणि तिला हे कवच मिळवून देणं अवघड. ‘अमुक तारखेच्या रात्री ४२ रहिवाशांना मी एकटी होते, अमुक युनिटमध्ये ट्रेनिंग न झालेल्या केअररने संध्याकाळची औषधं दिली’ असं लिहिलं असेल, तर ती माहिती आहे, ती रहिवाशांच्या जिवाच्या सुरक्षिततेबद्दल आहे आणि तिच्यात तुमच्याखेरीज इतरांचंही हित आहे. कायद्याला नेमकं हेच हवं असतं. तुम्हाला ते खरं वाटत होतं आणि तसं वाटायला वाजवी कारण होतं, एवढं पुरतं. चौकशीत एखादा तपशील चुकीचा निघाला तरी संरक्षण जात नाही. मालकाला सांगणं हेही ‘उघड करणं’च आहे, त्यासाठी बाहेर जावं लागत नाही. प्रश्न अजून तसाच असेल तर तो नर्सिंग होमवर देखरेख करणाऱ्या केअर क्वालिटी कमिशनला कळवायची वाटही कायद्याने मोकळी ठेवली आहे.

भेदभावाचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून मी तो तुमच्या तोंडी घालणार नाही. पण ‘तुम्हा लोकांना’ वगैरे भाषा वापरली गेली असेल, किंवा नाइट आणि तासकपात फक्त परदेशी नर्सच्याच वाट्याला आली असेल, तर ते आत्ता लेखी सांगा. नुसतं ‘मला बुली करतात’ लिहून हा दावा उभा राहत नाही. कशामुळे करतात हे त्यात दिसायला लागतं.

आता सगळ्यात अवघड भाग, म्हणजे कारण सिद्ध करणं. दोन वर्षं पूर्ण नसताना ‘मला तक्रारीमुळे काढलं’ असं म्हणायचं असेल, तर ते तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि ती तक्रार हेच मुख्य कारण होतं असं दाखवावं लागतं. याउलट नोकरीत असताना झालेल्या त्रासाचा दावा, म्हणजे तास कापले, नाइट लावल्या, धमकी दिली यांचा, तुलनेने सोपा असतो. तक्रार केली आणि त्रास झाला एवढं तुम्ही दाखवलंत की तो का दिला हे सांगायची जबाबदारी मालकावर येते, आणि त्यामागे तक्रारीचा नाव घेण्याजोगा प्रभाव असला तरी पुरतं. हा दावा नोकरी न सोडता करता येतो, आणि नेमकं हेच बहुतेकांना माहीत नसतं. राजीनामा दिल्याशिवाय कोर्टात जाता येत नाही, असं लोक धरून चालतात.

मालक काय म्हणेल तेही ऐकून ठेवा. ‘रोटा फेब्रुवारीतच ठरला होता’, ‘रहिवासी कमी झाले म्हणून तास कमी केले’, ‘नाइटला अनुभवी नर्स हवी होती, तक्रार तिचीच होती ना’. शेवटचं वाक्य मी वेगवेगळ्या रूपांत ऐकलंय, आणि ते धोकादायक आहे, कारण ते वाजवी वाटतं. २०११ च्या फेकिट खटल्यात मँचेस्टरच्या वॉक-इन सेंटरमधल्या तीन नर्सनी एका सहकाऱ्याने पात्रता फुगवून सांगितल्याचं उघड केलं होतं. त्यानंतर तिथे इतकी भांडणं झाली की व्यवस्थापनाने दोघींना हलवलं आणि तिसरीला बँक शिफ्ट, म्हणजे लागेल तशा मिळणाऱ्या सुट्या ड्युट्या, देणं बंद केलं. कोर्टाने कसोटी नर्सना अनुकूल अशीच सांगितली, पण तरीही त्या हरल्या. विस्कटलेलं वातावरण सावरायला बदल केले, हे मालकाचं कारण खरं मानलं गेलं. सहकारी बोलत नाहीत याबद्दल मात्र तुमची बाजू आज त्यांच्यापेक्षा बरी आहे. २०१३ पासून तक्रारीमुळे सहकाऱ्यांनी दिलेल्या त्रासाचीही जबाबदारी मालकावर येऊ शकते.

मग कारण कसं दाखवायचं? तुलनेने. तुमच्याच ग्रेडच्या इतर नर्सचे फेब्रुवारी ते मे महिन्यांचे रोटे एकाखाली एक ठेवा. सगळ्यांचे तास कमी झाले असतील तर मालकाचं म्हणणं खरं असू शकतं. फक्त तुमचे झाले, आणि त्याच आठवड्यांत एजन्सीच्या नर्स बोलावल्या गेल्या, तर ट्रायब्युनलला वेगळं सांगायला लागत नाही. एजन्सीच्या नर्सला तासाला जास्त पैसे जातात, मग स्वतःच्या नर्सचे १४ तास कापून ती का बोलावली, याचं उत्तर त्यांना उलटतपासणीत द्यावं लागेल. रोटा अ‍ॅपमध्ये असेल तर आजच स्क्रीनशॉट घ्या. राजीनामा दिला की त्या संध्याकाळी लॉगिन बंद होतं. रहिवाशांची औषधांची चार्ट, नावं, फोटो यांतलं काहीही घरी नेऊ नका, फोनवरही घेऊ नका. गोपनीयता मोडली म्हणून तुमच्या नर्सिंग रजिस्ट्रेशनवर तक्रार करायला तुम्हीच निमित्त द्याल. तारीख, युनिट आणि काय घडलं एवढं स्वतःच्या वहीत लिहिलेलं पुरे. कागद नंतर ट्रायब्युनल मालकाकडून मागवतं.

स्पॉन्सरशिपची धमकी चार भिंतींत झाली, साक्षीदार नाही. तरी ती आजच लेखी आणता येते. मॅनेजरना शांत भाषेत ईमेल करा: ‘बुधवारी दुपारी ऑफिसमध्ये आपलं बोलणं झालं. माझी स्पॉन्सरशिप तुमच्या हातात आहे हे मी विसरू नये, असं तुम्ही म्हणालात. ६ मार्चच्या माझ्या ईमेलच्या संदर्भात मला ते धमकीसारखं वाटलं. माझा गैरसमज होत असेल तर कळवावं.’ दिवस, जागा आणि शब्द तुम्हाला आठवतात तेच लिहा. उत्तर आलं नाही तरी तो ईमेल त्याच आठवड्यातला पुरावा होतो. त्याच ईमेलच्या शेवटी एक ओळ घाला, की कमी केलेले तास आणि सततच्या नाइट मला मान्य नाहीत, मी हे काम निषेध नोंदवून करत आहे. या ओळीमुळे तुम्हाला थोडा श्वास मिळतो.

तो का लागतो ते सांगते. मालकाने करार मोडला की तुमच्यापुढे दोन वाटा असतात, सोडून जायचं किंवा करार चालू ठेवायचा. काही न बोलता काम करत राहिलात, पगार घेत राहिलात, तर एका टप्प्यावर कायदा म्हणतो की तुम्ही दुसरी वाट निवडली. त्याला ठरावीक दिवस नाहीत. आजारी रजेवर असलेल्या किंवा ग्रीव्हन्सच्या उत्तराची वाट बघणाऱ्या माणसाला जास्त मुभा मिळते. नवी नोकरी शोधायला थोडा वेळ घेतला तर तोही समजून घेतला जातो. आणि वाट बघता बघता नवा प्रकार घडला, म्हणजे ग्रीव्हन्स दोन ओळींत फेटाळली किंवा पुन्हा धमकी आली, तर ती शेवटची काडी ठरते आणि आधीचं सगळं तिच्यासोबत पुन्हा जिवंत होतं. लीड्सच्या एका हॉस्पिटलमधल्या नर्सच्या खटल्यात अपील कोर्टाने २०१८ मध्ये हे नीट मांडलंय. मात्र शेवटची काडी अगदीच फालतू असून चालत नाही. आधीच्या गोष्टींत तिने थोडी तरी भर घातली पाहिजे. म्हणून ग्रीव्हन्ससाठी आता तारीख घालून शेवटचं स्मरणपत्र द्या, दहा दिवसांचं. त्यांनी सुनावणी घेतली तर ऐका. नाही घेतली तर राजीनाम्याचं कारण त्यांनीच तुमच्या हातात दिलं.

आता १९ जून. ट्रायब्युनलची मुदत तीन महिन्यांतून एक दिवस कमी अशी मोजतात. राजीनाम्याचा दावा नोकरी संपल्याच्या दिवसापासून मोजतात. समजा नोकरी ३० जूनला संपली, तर २९ सप्टेंबरपर्यंत. पण तास कापले आणि नाइट लावल्या त्या २० मार्चला, आणि त्या दाव्याची मुदत त्या दिवसापासून धावते, म्हणजे १९ जून. दर आठवड्याचा रोटा हा त्याच मालिकेतला नवा प्रकार आहे असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करेनही. पण निर्णय एकदाच झाला, नंतर फक्त त्याचे परिणाम होते, असं न्यायाधीश म्हणू शकतात, म्हणून त्याच्या भरवशावर बसायचं नाही. नव्या कायद्यात ही मुदत सहा महिने करायची तरतूद आहे, पण तुमच्या घटना जुन्या नियमातल्या आहेत, त्यामुळे तीनच महिने धरा. ट्रायब्युनलच्या आधी एकॅस या समेटाच्या संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. तो फुकट आहे, आणि तो केला की तेवढ्या काळापुरतं मुदतीचं घड्याळ थांबतं. ट्रायब्युनललाही फी नाही, ती २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली. म्हणजे या आठवड्यात करायची गोष्ट हा एकॅसचा अर्ज आहे, आणि तो नोकरीत राहूनच करायचा आहे.

त्याच अर्जात पगारही टाका. आठवड्याला १४ तास कमी, २० मार्चपासून साधारण अकरा आठवडे, म्हणजे १५४ तास. तुमचा दर ताशी १९ पौंड धरला तर २,९२६ पौंड होतात. कराराप्रमाणे ३६ तासांची हमी असेल तर ही सरळ बेकायदा पगारकपात आहे. त्यासाठी तुमचा हेतू, त्यांचा हेतू, काहीच सिद्ध करावं लागत नाही. स्पॉन्सर केलेल्या नर्सचा पगार कमी केला तर ते होम ऑफिसला कळवणं स्पॉन्सरचं काम आहे, आणि ठरलेल्या किमान पगाराच्या खाली जाऊन चालत नाही. स्पॉन्सरशिप कोणाच्या हातात आहे याची ही दुसरी बाजू मॅनेजरना बहुधा माहीत नसावी. ती त्यांना धमकी म्हणून ऐकवू नका, आमच्या पत्रात येऊ द्या.

पैशांबद्दल स्पष्टच बोलते, कारण इथे अपेक्षा फुगतात. नोकरी गेल्याची भरपाई प्रत्यक्ष नुकसानीची असते. नर्सला दोन-तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली तर नुकसानही तेवढंच. व्हिसलब्लोइंगमुळे नोकरीत असताना झालेल्या त्रासाबद्दल मनस्तापाची वेगळी भरपाई मिळते, पण डिसमिसलच्या मनस्तापाची मिळत नाही. राजीनामा घाईत देऊ नका म्हणण्यामागे हाही हिशोब आहे. ग्रीव्हन्स नीट न हाताळल्याबद्दल भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. सुनावणीला मात्र बराच काळ लागतो, आणि बहुतेक प्रकरणं त्याआधी मिटतात.

व्हिसाचं गणित राजीनाम्याआधी मांडा. नोकरी संपली की स्पॉन्सरने दहा कामाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवायचं असतं. मग होम ऑफिसचं पत्र येतं आणि सहसा ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या स्पॉन्सरचं सर्टिफिकेट घेऊन नवा अर्ज झाला पाहिजे. तो मंजूर होईपर्यंत नव्या ठिकाणी कामाला लागता येत नाही. ट्रायब्युनलमध्ये केस चालू आहे म्हणून व्हिसा वाढत नाही. नवरा आणि मुलं तुमच्या व्हिसावर असतील तर त्यांचंही घड्याळ तेच. म्हणून इंटरव्ह्यू आत्तापासून द्या. पुढच्या नोकरीची ऑफर हातात असणं केसला मारक नाही, फक्त सोडण्यामागे मालकाचं वागणं हे एक खरं कारण असलं पाहिजे. ते एकमेव कारण असायची गरज नाही. आणि सोडताना ‘रिक्रूटमेंटचा खर्च परत दे’ म्हणून बिल आलं तर सही करू नका. त्यात इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे स्पॉन्सरने सरकारला भरायचा आकार, घातलेला असेल तर तो तुमच्याकडून वसूल करताच येत नाही. बाकीचे आकडे बघून सांगते.

राजीनामा द्यायची वेळ आलीच, तर आपल्याकडची सवय इथे नडते. पुण्या-मुंबईत ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहून, आभार मानून बाहेर पडायची रीत आहे, म्हणजे रिलीव्हिंग लेटर नीट मिळतं. इथे ते वाक्य समोरचा वकील पहिल्या पानावर लावेल. तुमच्या पत्रात चार गोष्टी हव्यात: ६ मार्चची तक्रार, त्यानंतर तारखेनिशी काय काय झालं, ग्रीव्हन्सचं काय झालं, आणि या करारभंगामुळेच मी नोकरी सोडत आहे हे वाक्य. शिव्याशाप नकोत, एक पान पुरे. पाठवायच्या आधी मला दाखवा. निकाल लागेपर्यंत पगार चालू राहावा म्हणून, नोकरी संपल्यापासून सात दिवसांत करायचा एक तातडीचा अर्ज व्हिसलब्लोइंगमध्ये असतो. राजीनाम्याच्या प्रकरणात तो मिळणं अवघड, पण मागायचा की नाही हे पत्र जायच्या आधीच ठरवावं लागतं.

नोटीस द्यायची का? कायद्याने दिली तरी चालते, नाही दिली तरी चालते. व्हिसाचा विचार करता मी तुम्हाला कराराइतकी नोटीस द्यायला सांगेन, तेवढे आठवडे स्पॉन्सरशिप चालू राहते. त्याहून जास्त मात्र नको. २०१४ च्या एका खटल्यात करारात तीन महिने असताना माणसाने सोयीसाठी सात महिन्यांची नोटीस दिली, आणि त्याने करार मान्य केला म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला. नोटीस न देता निघायचीच वेळ आली, तरी शिफ्टच्या मध्ये उठून जाऊ नका. औषधांच्या ट्रॉलीच्या चाव्या आणि कंट्रोल्ड ड्रग्जचं रजिस्टर पुढच्या नर्सच्या हातात देऊन, तिची सही घेऊन, मग बाहेर पडा. नाहीतर नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिलकडे जायची तक्रार त्यांची असेल, आणि तेव्हा त्यांना ती शोधत बसावी लागणार नाही.